पायऱ्या आणि कठड्यावरच्या पणत्या: किती लागतील, किती अंतरावर ठेवायच्या, तेल किती आणायचं

त्रिपुरारी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी देवळात बैठक बसते आणि पणत्या किती आणायच्या असा प्रश्न निघतो. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: "दोनशे आणा, आणि तेलाचा एक डबा." मग ऐन संध्याकाळी कठडा पूर्ण होतो आणि पायऱ्या अर्ध्या राहतात, किंवा पणत्या पुरतात पण आठ वाजता निम्म्या दिव्यांतलं तेल संपतं. दोन्ही गोष्टी टाळायला लागते ती मोजपट्टी, औषधाच्या बाटलीचं मापाचं टोपण आणि आदल्या दिवशीची एक मोकळी संध्याकाळ.

हिशेब समजावा म्हणून इथे एक नमुना धरला आहे. नदीकाठचं लहान देऊळ. खालून वर जायला २१ पायऱ्या, प्रत्येक पायरी १२ फूट रुंद आणि ७ इंच उंच. वर अंगणाला तीन बाजूंनी दगडी कठडा, बाजू १८, २८ आणि १८ फूट, पायऱ्यांकडची चौथी बाजू उघडी. अंगणात दीपमाळेचा चौकोनी चौथरा, प्रत्येक बाजू ६ फूट. तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, रीत हीच.

आधी गाळे मोजा

पणत्या मोजताना चूक होते ती एकाच जागी. १८ फूट लांबीवर फुटाफुटाला पणती ठेवायची तर १८ पणत्या लागतील असं वाटतं. प्रत्यक्षात १९ लागतात. १८ हे दोन पणत्यांमधले गाळे आहेत, आणि दोन्ही टोकांना पणती हवी असेल तर गाळ्यांपेक्षा एक पणती जास्त लागते. कुंपणाचे खांब पुरताना जो हिशेब करतात तोच हा.

उघडी ओळ: पणत्या = (लांबी ÷ अंतर) + १
बंद ओळ: पणत्या = लांबी ÷ अंतर

बंद ओळ म्हणजे जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळणारी. चौथरा, तुळशी वृंदावन, विहिरीचा काठ. तिथे शेवटची पणती हीच पहिली असते, म्हणून अधिक एक करायचा नाही.

आता कठडा पाहू. तीन बाजू वेगवेगळ्या मोजल्या तर १९, २९ आणि १९ मिळून ६७ होतात. पण दोन कोपऱ्यांवरची पणती दोन्ही बाजूंच्या मोजणीत आली. पूर्ण कठडा ही एकच वळलेली ओळ आहे असं समजून ६४ फूट धरा: ६४ + १ = ६५. दोन पणत्यांच्या फरकाने काही बिघडत नाही हे खरं, पण कोपरे जास्त असले, समजा घाटाच्या कठड्याला दहा-बारा वळणं असली, तर डझनभर पणत्या कागदावर जास्त होतात आणि त्यांचं तेलही.

चौथऱ्याची परिमिती २४ फूट. हा चौथरा लोक जवळून, प्रदक्षिणा घालताना पाहतात, म्हणून इथे अंतर ९ इंच धरू. ६ फुटांची बाजू म्हणजे ७२ इंच, त्यात ९ इंचांचे बरोबर ८ गाळे. चार बाजूंचे ३२ गाळे आणि ओळ बंद, म्हणून पणत्याही ३२.

लांबी अंतराने नेहमीच पूर्ण भागली जात नाही. समजा कठड्याची एक बाजू १७ फूट ४ इंच, म्हणजे २०८ इंच भरली. १२ इंचांनी भागल्यावर १७ गाळे आणि वर ४ इंच उरतात. ते ४ इंच शेवटच्या गाळ्यात ढकलले की तेवढाच गाळा लांब दिसतो, आणि दिवे लागल्यावर डोळा नेमका तिथेच जातो. त्याऐवजी गाळे १७ कायम ठेवा आणि २०८ ला १७ ने भागा. सव्वाबारा इंच येतात. सगळे गाळे पाव इंचाने मोठे झालेले कोणाच्या लक्षात येत नाहीत.

खुणा करायला एक फूट लांबीची लाकडी रीप पुरते. टेकवायची, खडूने टिंब मारायचं, पुढे सरकवायची. मात्र दर वेळी पाव इंच जरी पुढे-मागे झालं तरी २८ फुटांवर ती चूक ७ इंचांची होते. म्हणून दोन्ही टोकांकडून मध्याकडे या. झालेली चूक मधल्या दोन-चार गाळ्यांत वाटून टाकता येते. सुतळीला गाठी मारून मोजण्याची पद्धत दिसायला सोपी आहे, पण सुतळी ताणली की लांब होते आणि दवाने भिजली की आखडते.

अंतर किती धरावं

कठड्यावर एक फूट हे अंतर अंगणातून आणि पायऱ्यांच्या पायथ्यापासून पाहणाऱ्याला भरगच्च दिसतं. ओळ फक्त लांबून, म्हणजे पलीकडच्या तीरावरून वा रस्त्यावरून दिसणार असेल, तर दीड फुटावरही ती तुटलेली वाटत नाही आणि पणत्या तृतीयांशाने कमी होतात. सहा इंचांपेक्षा जवळ ठेवू नयेत. दोन ज्योतींच्या मध्ये हात घालून वात सारता येत नाही, आणि वारा आला की एकीची ज्योत दुसरीच्या काठावर झोपते.

पायऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे, कारण इथे दोन अंतरं एकदम दिसतात: पायरीवर आडवं अंतर, आणि एका पायरीपासून दुसरीपर्यंत उभं. प्रत्येक पायरीवर फुटाफुटाने पणत्या मांडल्या तर समोरून आडवं अंतर १२ इंच आणि उभं फक्त ७ इंच दिसतं. दिव्यांच्या ओळी एकमेकींवर चढल्यासारख्या वाटतात. एक पायरी सोडून मांडलं की उभं अंतर १४ इंच होतं, आडव्या १२ शी जवळपास जुळतं, आणि समोरून चौकटीचं जाळं दिसतं. पणत्या निम्म्या, देखावा जास्त चांगला, शिवाय तेल घालणाऱ्याला पाय ठेवायला मोकळी पायरी मिळते. सगळ्या पायऱ्या भरण्याचा हट्ट आम्ही तरी करणार नाही.

आमच्या नमुन्यात खालून पहिली, तिसरी, पाचवी असं करत एकविसावीपर्यंत ११ पायऱ्या येतात. १२ फुटांतले मधले ४ फूट जाण्यायेण्यासाठी मोकळे सोडायचे. गर्दीत दोन माणसं एकमेकांशेजारून जातात तेव्हा एवढी वाट लागतेच. दोन्ही बाजूंना ४-४ फूट उरतात. त्यातले भिंतीकडचे आणि वाटेकडचे ६-६ इंच सोडले की ३ फूट राहतात, म्हणजे ३ गाळे आणि ४ पणत्या. एका पायरीवर ८, अकरा पायऱ्यांवर ८८.

पणती पायरीच्या पुढच्या कडेला ठेवायची की मागे सरकवून, हे ठरवायला पायथ्याशी उभं राहून वर पाहा. डोळ्यांच्या उंचीपर्यंतच्या पायऱ्यांचा वरचा सपाट भाग आपल्याला दिसतो. ७ इंची पायरी असेल तर साधारण आठवी-नववी पायरी डोळ्यांच्या पातळीला येते. त्याच्या वरच्या पायऱ्यांची फक्त कड दिसते, आणि मागे सरकवलेली पणती त्या कडेआड जाते. ज्योत पायरीपासून जेमतेम दोन-तीन इंच वर असते, त्यामुळे ती सहज झाकली जाते. म्हणून खालच्या पायऱ्यांवर पणती आत, पुढच्या पायरीच्या उभ्या दगडाला हातभर नव्हे पण चार बोटं सोडून ठेवा. तिथे वाराही कमी लागतो आणि पायही लागत नाही. नवव्या पायरीपासून वर मात्र ती पुढे आणा, कडेपासून दोन इंचांवर.

एकूण हिशेब: पायऱ्या ८८, कठडा ६५, चौथरा ३२, मिळून १८५. फुटणाऱ्या, झिरपणाऱ्या आणि डुगडुगणाऱ्या पणत्यांसाठी दहा टक्के जास्त धरल्या की २०४. पणत्या डझनाने मिळतात, तेव्हा १८ डझन, म्हणजे २१६ घ्या. १७ डझनांत नेमक्या २०४ येतात, पण वाटेत पोतं एकदा जरी आपटलं तरी तो हिशेब कोलमडतो.

एका पणतीला तेल किती

तेलाचा अंदाज चुकतो कारण तो पणतीच्या आकारावरून बांधला जातो. खरं तर तो वेळेवरून बांधायचा असतो. पणती हे फक्त भांडं आहे. तेल पिते ती वात.

आदल्या संध्याकाळी चाचणी घ्या. ज्या पणत्या मांडणार त्यांतल्याच तीन, ज्या वाती वापरणार त्याच वाती आणि तेच तेल. एक पणती जिथे दिवे लागणार तिथेच कठड्यावर, एक पायरीवर आणि एक आडोशाला ठेवा. खोकल्याच्या औषधाबरोबर येणाऱ्या टोपणावर ५ आणि १० मिलिलिटरच्या रेघा असतात. त्याने प्रत्येकीत १५ मिलिलिटर तेल घाला, वात लावा आणि वेळ लिहून ठेवा. एक तासाने त्यांतली एक शांत करून उरलेलं तेल त्याच टोपणात मोजा. बाकीच्या दोन आपणहून शांत होईपर्यंत जळू द्या आणि ती वेळही लिहा.

बोटभर लांबीच्या दोन बारीक वाती एकत्र वळून केलेली जोडवात साध्या खाद्यतेलावर तासाला ४ मिलिलिटरच्या आसपास तेल जाळते. वात जाड असली किंवा तिचं टोक जास्त बाहेर काढलं तर आकडा सहज ६ पर्यंत जातो. म्हणूनच दुसऱ्या कोणाचा आकडा घेऊन चालत नाही.

जळणाऱ्या तेलाशिवाय थोडं तेल असं असतं जे जळतच नाही. काही माती पिते, काही तळाशी राहतं आणि वातीच्या टोकापर्यंत चढत नाही. पाण्यात भिजवून घेतलेल्या लहान पणतीत हे मिळून ३ मिलिलिटर धरावं. तेव्हा हिशेब असा बसतो:

एका पणतीचं तेल (मिलिलिटर) = ४ × तास + ३

तीन तासांसाठी १५, दीड तासासाठी ९. म्हणजे वेळ निम्मा केला तरी तेल निम्मं होत नाही, कारण ते ३ मिलिलिटर दोन्हीकडे लागतातच. 'दीड तासच ठेवायचे आहेत, निम्मं तेल घाला' असं म्हणून साडेसात घातलं तर दिवे तासाभरातच माना टाकतात.

कोल्हापूरला पंचगंगेच्या घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेचा दीपोत्सव पहाटेच्या अंधारात होतो. अशा ठिकाणी उजाडलं की दिव्यांचं तेज जातं, म्हणून दीड तासाचं तेल पुरतं. संध्याकाळी दिवेलागणीला सुरू करून रात्री नऊपर्यंत ठेवायचे असतील तर तीन तास धरा.

पणतीत तेवढं तेल मावतं का, हेही पाहायला हवं. पणती काठोकाठ भरून चालत नाही, पाऊण भरायची. काठापर्यंत तेल असलं की वात ते बाहेर ओढून आणते आणि पणतीच्या चोचीखालून ओघळ सुरू होतो. १५ मिलिलिटर हवं असेल तर काठोकाठ २० मिलिलिटर मावणारी पणती लागेल. बाजारात पणती निवडताना टोपणाने पाणी घालून पाहा. कोरडी माती लगेच पाणी पिते, म्हणून आधी एकदा ओली करून मगच माप घ्या.

आता एकूण तेल. पणतीत १५, आणि वाती आधीच तेलात भिजवून ठेवतात त्याचं प्रत्येकी १, असे १६ मिलिलिटर. १८५ पणत्यांना २,९६० मिलिलिटर. सांडलवंड आणि बदली पणत्यांसाठी दहा टक्के वाढवले की सुमारे ३,२५० मिलिलिटर, म्हणजे सव्वातीन लिटर. पहाटेच्या दीड तासासाठी हाच हिशेब प्रत्येकी १० मिलिलिटरचा होतो आणि एकूण दोन लिटरला थोडं जास्त भरतं. बैठकीत ठरलेला अख्खा डबा दोन्ही वेळेला न उघडता परत गेला असता.

दुकानात एक गफलत होते. सुटं तेल किलोवर मिळतं, पिशवी लिटरवर. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. सव्वातीन लिटर म्हणजे जवळपास ३ किलो. लिटरचा आकडा किलो म्हणून सांगितला तर पाव किलोभर तेल जास्त येतं. किलोचा आकडा लिटर म्हणून सांगितला तर तेवढंच कमी पडतं. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा यांतही त्याच प्रमाणात फरक, सुमारे दीड लिटर.

कोणतं तेल

तीळ, शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सरकी यांपैकी कोणतंही चालतं. खोबरेल मात्र जागा पाहून घ्यावं. ते २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं. किनारपट्टीवर संध्याकाळी अडचण येत नाही, पण घाटमाथ्यावर कार्तिकातल्या पहाटे पणतीत पांढरा गोळा होऊन बसतो आणि वातीला तेल मिळत नाही. एरंडेल फार दाट, ते एकटं वातीत नीट चढत नाही.

तळणीचं उरलेलं तेल वापरायचा मोह होतो. त्यात पिठाचे कण आणि पाण्याचा अंश असतो. कण वातीच्या टोकाशी जमून काजळी धरते आणि पाणी तडतडतं. वापरायचंच असेल तर दोन दिवस स्थिर ठेवून वरचं नितळ तेल फडक्याने गाळून घ्यावं, आणि त्याची चाचणी वेगळी घ्यावी.

पणत्या आणि वाती तयार करणं

आदल्या रात्री पणत्या बादलीत बुडवून ठेवा. बुडबुडे येत राहतात तोवर मातीच्या छिद्रांतली हवा बाहेर पडत असते आणि त्या जागी पाणी भरत असतं. हेच पाणी उद्या तेलाला आत शिरू देत नाही. सकाळी काढून पोत्यावर पालथ्या घाला, सावलीत. उन्हात दिवसभर कडकडीत वाळवल्या तर भिजवल्याचा फायदा बराचसा जातो. तेल घालण्यापूर्वी आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्या. हाताला पणती गार लागली पाहिजे, पण बोट ओलं होता कामा नये. तळाशी थेंबभर पाणी राहिलं तरी ते तेलाखाली बसतं, वातीत चढतं, आणि दिवा तडतडून शांत होतो. रंगवलेल्या पणत्या भिजवू नका, रंग सुटतो. त्यांच्यासाठी पणतीमागे दोनेक मिलिलिटर तेल जास्त धरा. गेल्या वर्षीच्या तेल प्यालेल्या पणत्या असतील तर उत्तमच, त्यांना भिजवायची गरज नाही आणि त्या नव्याने तेल पीत नाहीत.

वात पणतीच्या रुंदीपेक्षा दीडपट लांब असावी. अडीच इंचांच्या पणतीला पावणेचार इंच. ती तळावर आडवी झोपली पाहिजे आणि चोचीबाहेर टोक अर्धा सेंटिमीटर यायला हवं, तांदळाच्या दाण्याएवढं. टोक बोटाच्या पेराएवढं काढलं की ज्योत मोठी दिसते, पण धूर होतो आणि तेल दीडपट जातं. वाती दोन तास आधी तेलात भिजवून ताटात रचून ठेवा. कोरडी वात पेटवली तर तेल चढायच्या आत कापूसच जळतो. तयार वाती घेतल्या असतील तर एक कोरडीच पेटवून पाहा: कापसाची राख होते, कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर वितळून काळा कडक मणी होतो. अशा वाती परत करा.

मांडणी, वारा आणि पेटवणं

जुन्या कठड्यांचा माथा पुष्कळदा गोलाई दिलेला किंवा बाहेर उतरता असतो, पावसाचं पाणी थांबू नये म्हणून. त्यावर पणती कलते आणि तेल एका बाजूला जाऊन सांडतं. प्रत्येक पणतीखाली लिंबाएवढा ओल्या मातीचा गोळा दाबून बसवा. पणती सपाट बसते, सरकत नाही आणि झिरपलेलं तेल दगडाऐवजी मातीत जातं. पायऱ्यांवर केळीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा पुरे, मात्र पणतीच्या काठाबाहेर फार आलेला नको.

वाऱ्याची दिशा आदल्या संध्याकाळी त्याच वेळेला उदबत्तीच्या धुरावर पाहून ठेवा. पणतीची चोच वाऱ्याच्या उलट बाजूला करायची, म्हणजे पणतीचा मागचा काठ ज्योतीला थोडा आडोसा देतो. तरीही कठड्यावरची चाचणीची पणती दोनदा गेली असेल तर तिथे उथळ पणत्यांचा नाद सोडा. खोल, आत वळलेल्या काठाच्या पणत्या घ्या किंवा त्या बाजूला मांडणी कठड्याच्या माथ्याऐवजी त्याच्या पायथ्याशी आतून करा. वाऱ्यावर मांडलेली ओळ रात्रभर पुन्हा पुन्हा पेटवत बसण्यात माणसं अडकतात आणि तेलही सांडतं.

तेल भरायला किटली नको. चटणीसाठी मिळते तशी चोच असलेली दाबायची प्लास्टिकची बाटली घ्या. १५ मिलिलिटरला किती दाब लागतो हे एकदा टोपणात पाहिलं की हात बसतो. एक माणूस मिनिटाला सात-आठ पणत्या भरतो, म्हणजे १८५ ला अर्ध्या तासाच्या आत. पेटवायला मात्र एकाला सोडू नका. मिनिटाला सहा धरल्या तरी अर्धा तास जातो, आणि शेवटची पणती लागते तेव्हा पहिलीचं दोन मिलिलिटर तेल जळून गेलेलं असतं. तिघं असतील तर दहा मिनिटांत सगळी ओळ उजळते.

पेटवताना वारा जिकडून येतो त्या टोकापासून सुरू करा आणि वाऱ्याबरोबर पुढे जा. मग पदर, ओढणी, उपरण्याचं टोक उडतं ते न लावलेल्या पणत्यांकडे. काकडा हातात घेऊन फिरणं शोभून दिसतं, पण त्यातून पेटतं तेल ठिबकतं. लांब दांड्याचा ज्योतीचा लायटर किंवा कागदाची गोल चकती अडकवलेली मेणबत्ती बरी.

दिवे लागल्यावर

तेल भरलेलं असताना अर्ध्या तासातच दिवा गेला तर आधी वातीचं टोक पाहा. टोकावर काळा गोळा धरला असेल तर तो चिमट्याने झाडा आणि वात किंचित पुढे सारा. वात मागे घसरून तेलात बुडाली असेल तर दोन काड्यांनी वर ओढा. टोक स्वच्छ आहे, जागेवर आहे, तरी तडतडते आहे, तर पणतीत पाणी आहे. तिथे वेळ घालवू नका, बदली पणती ठेवा.

चोचीखाली ओघळ दिसला तर पणती जास्त भरली आहे. ओघळावर ज्योत उतरते आणि पणती बाहेरून पेटते. थोडं तेल काढून चोच पुसा.

सर्वांत सांभाळायची वेळ शेवटची. तेल तळाला गेलं, पणती तापली आणि वात सगळी आत कोसळली की उरलेलं तेल एकदम पेटून पणतीभर जाळ उठतो. त्यावर पाणी टाकायचं नाही. पाणी तापलेल्या तेलाखाली जाऊन उसळतं आणि पेटतं तेल पायरीवर उडतं. वर दुसरी रिकामी पणती पालथी ठेवा किंवा मूठभर वाळू टाका. पायऱ्यांच्या दोन्ही टोकांना वाळूची एकेक बादली यासाठीच. जळत्या पणतीत वरून तेल घालायची सवयही मोडावी. हवंच असेल तर ज्योतीच्या विरुद्ध काठाने, पातळ धारेने.

दुसऱ्या दिवशी

प्रत्येक पणतीत थोडं तेल उरलेलं असतं. १८५ पणत्यांचं मिळून पाव ते अर्धा लिटर भरतं. ते नदीत जाऊ देऊ नका, थोड्याशा तेलानेही पाण्यावर लांबवर तवंग पसरतो. पणत्या बादलीवर चाळणीत उपड्या घालून ठेवल्या की तासाभरात तेल निथळतं. गाळून ठेवलं तर देवळाच्या दाराच्या बिजागऱ्यांना आणि कुलपांना वर्षभर पुरतं. पणत्या पुसून पोत्यात भरा, पुढच्या वर्षी त्या तेल पिणार नाहीत.

पायऱ्या धुताना आधी पाणी ओतलं तर ठिपक्याठिपक्यांचं तेल सगळ्या पायरीवर पसरतं आणि निसरडं होतं. पहिल्यांदा कोरडा लाकडाचा भुसा किंवा तांदळाचा कोंडा डागांवर टाकून पायाने रगडा आणि अर्धा तास राहू द्या. तो झाडून घेतल्यावरच धुण्याची पूड घातलेलं गरम पाणी आणि खराटा. वरच्या पायरीपासून सुरुवात करा, आणि खालची पायरी वाळेपर्यंत वाटेवर दोरी बांधून ठेवा.